240 सभासदांकडून फॉर्म वेळेत कसा भरून घ्यावा? मजकूर सुचवा

तापीकाठ (रावेर): आमच्या केळी उत्पादक गटाला कांदेबागेसाठी टिश्यू कल्चर रोपांची मागणी एकत्र द्यायची आहे. ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला: "सर्व सभासदांना नम्र विनंती, सदर फॉर्म लवकरात लवकर भरून सहकार्य करावे." आठवड्यात 61 जणांनी भरला. मजकूर कसा बदलू? खर्च शून्य हवा.

पाटील_यावल: बल्क एसएमएसचं पॅकेज घ्या भो. आमच्या पतसंस्थेनं घेतलं, पैसे वसूल.

ताई_चोपडा: शून्य म्हणाले ना ते! ग्रुपवर "फक्त 61 जणांनी भरला, बाकीचे झोपलेत का" असं खडसवा. आम्ही तसंच करतो.

जळगाव_मास्तर: ताई, त्यानं उलटं होतं. "बरेच जण राहिलेत" वाचलं की उरलेल्यांना वाटतं, आपण एकटेच थोडे आहोत. मी दरवर्षी पालकांकडून फॉर्म भरून घेतो. "लवकरात लवकर" म्हणजे कधीच नाही. वार, तारीख, वेळ लिहा. "येत्या गुरुवारी" नको, शुक्रवारी वाचणारा पुढचा गुरुवार धरतो. आणि काम पहिल्याच ओळीत, कारण लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅप अर्धाच दाखवतं. असं पाठवा:

"रमेशभाऊ, कांदेबागेला किती रोपं लागतील ते गुरुवार, 10 तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत इथे भरा. चार प्रश्न, दोन मिनिटं. शुक्रवारी सकाळी रोपवाटिकेला एकूण आकडा जाईल. त्यात नाव नसेल तर तुमची रोपं धरता येणार नाहीत."

ग्रुपवर नको, एकेकाला नावानं. आठवण फक्त न भरलेल्यांना, आदल्या दिवशी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा.

पाटील_यावल: 240 जणांना एकेक? ब्रॉडकास्ट लिस्ट करा.

जळगाव_मास्तर: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. शिवाय त्यात नाव घालता येत नाही.

धुळे_भूषण: मला पीकविम्याचा फॉर्म भरायचाय, सातबारा लागतो का?

ताई_चोपडा: भूषणभाऊ, वेगळा धागा काढा. तापीकाठ, फॉर्मात सातबाऱ्याचा फोटो मागितलाय का? आमच्या बचतगटात फोटो मागितला तर लिंक उघडताच जीमेलचं लॉगिन विचारायला लागली. बायांना पासवर्ड कुठला आठवणार? फोटोचा प्रश्न काढला तशा भराभर नोंदी आल्या.

तापीकाठ: हो ताई, मागितला होता! तीन-चार जण "उघडत नाही" म्हणाले, मला वाटलं रेंज नसेल. काढून टाकला.

जळगाव_मास्तर: "एकदाच भरता येईल" ही सेटिंगही बंद करा, तीसुद्धा लॉगिन मागते. दुबार नोंदी मोबाईल नंबरावरून गाळा.

तापीकाठ: केलं. मास्तरांचा मजकूर घेतोय, उरलेल्या 179 जणांना मी आणि पुतण्या आज रात्री नावानं पाठवतो. पण मुदत गुरुवारची नाही, 19 तारखेची ठेवतोय.

जळगाव_मास्तर: लांबची मुदत दिली की माणूस विसरतो. गुरुवारच ठेवा.

पाटील_यावल: मीही तेच म्हणतो.

तापीकाठ: विहिरीला पाणी किती टिकेल ते बघून आमच्याकडे रोपांचा आकडा ठरतो. घाईत भरलेला आकडा मागाहून फिरतो आणि रोपवाटिकेचे बोल मला ऐकावे लागतात. 19 तारीखच.