मदत हवी आहे: टी-ट्वेंटीत 'टॉप बॅटर'चा भाव काढताना सहाव्या नंबरचा फलंदाज ओपनरच्या वर का जातोय?

रंकाळाकाठ: नमस्कार मंडळी. मी शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतोय. प्रकल्प असा आहे: एका संघातून सर्वाधिक धावा कोण करेल याची प्रत्येकाची शक्यता काढायची आणि तिच्यावरून योग्य भाव ठरवायचा, म्हणजे 20 टक्के शक्यता असेल तर भाव 5. मी प्रत्येकाची सरासरी घेतली, ती स्ट्राइक रेटने गुणली आणि आलेला आकडा सात फलंदाजांत वाटून टक्के काढले. ओपनर 14 टक्क्यांवर आला आणि सहाव्या नंबरचा फिनिशर 21 वर. हे चुकलंय एवढं डोळ्यांना दिसतंय, पण नेमकं कुठे चुकलंय ते सापडत नाही. आठवडा गेला यात.

पेठेतला_वाघ: भावा, 2025 च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. कशाला त्या नादाला लागतोस?

रंकाळाकाठ: दादा, एक रुपयासुद्धा लावायचा नाही. शक्यतेचं गणित आहे, मार्क त्याचे आहेत.

षटकार_संजू: चुकलं कुठंय? टी-ट्वेंटीत स्ट्राइक रेटच सगळं. 170 नं मारणारा 120 वाल्याच्या पुढंच असणार. उलट स्ट्राइक रेटला आणखी वजन दे.

स्कोअरर_काका: त्या फिनिशरचे डाव किती आणि नाबाद किती वेळा, ते आधी सांग. ओपनरचंही.

रंकाळाकाठ: फिनिशर: 20 डाव, 9 वेळा नाबाद, 380 धावा, सरासरी 34.5, स्ट्राइक रेट 170. ओपनर: 20 डाव, एकदा नाबाद, 540 धावा, सरासरी 28.4, स्ट्राइक रेट 135.

स्कोअरर_काका: झालं, इथंच सापडलं. सरासरी काढताना 380 ला 11 नं भागलंयस, पण मैदानात तो 20 वेळा उतरलाय. दर डावाला 19 धावाच झाल्या. ओपनरच्या 27. माझ्या वहीत अशी नोंद दर रविवारी येते: 'नाबाद 19, चेंडू 9'. तो बाद झाला नाही, षटकं संपली. पण सरासरीला ते कळत नाही.

आता चेंडू मोज. समज, संघात पहिला यायला साधारण 45 धावा लागतात. तुझा फिनिशर चौदा षटकं झाल्यावर येतो. उरले 36 चेंडू, त्यातले निम्मे समोरच्याला जाणार. 18 चेंडू आणि 170 चा वेग, म्हणजे शेवटपर्यंत टिकला तरी 30-31 धावा. वरचे चार लवकर कोसळले तरच त्याला पुरेसे चेंडू मिळतात.

ओपनरला चेंडूंची ददात नाही, त्याला फक्त टिकायचंय. तो सरासरी 20 चेंडूंना एकदा बाद होतो असं धर. 135 नं 45 करायला 33 चेंडू लागतात, आणि 0.95 चा 33 वा घात साधारण 0.18 येतो. दुसरा ओपनर 120 चा, पण 24 चेंडूंना एकदा बाद होणारा. त्याला 37-38 चेंडू लागतात, तरी शक्यता 0.20 येते. वेग कमी असूनही तो किंचित पुढं. वर खेळणाऱ्याचा भाव 'एका बादमागे किती धावा' यावर ठरतो. स्ट्राइक रेट खरा बोलतो तो खाली, कारण तिथं विकेट उरते आणि चेंडू संपतात. संजूचं म्हणणं पाचव्या-सहाव्या नंबरपुरतं बरोबर आहे.

मिसळ_कट_मारके: मग फँटसी टीममध्ये कॅप्टन ओपनरलाच करायचा का? माझा फिनिशर मागच्या वेळी 11 चेंडूंत 28 करून गेला, मला लई पॉइंट मिळाले.

स्कोअरर_काका: तिथं वेगाचे वेगळे पॉइंट असतात. तो हिशोब इथं लावू नकोस. 28 धावांत संघात पहिला क्वचितच येतो.

रंकाळाकाठ, सूत्र सोडून दे. 120 चेंडूंचा डाव चेंडू-चेंडू करून दहा हजार वेळा खेळव. ओपनर लवकर गेला की फिनिशरचे चेंडू वाढतात, हे नातं त्यात आपोआप येतं. दोघांच्या धावा सारख्या झाल्या तर अर्धा-अर्धा वाटा दे. आणि पाठलागाचे डाव वेगळे चालव. लक्ष्य 120 चं असेल तर सहाव्याला बऱ्याचदा बॅट हातात घ्यायची वेळच येत नाही.

रंकाळाकाठ: काका, रात्री चालवून बघितलं. फिनिशर 21 वरून 7 टक्क्यांवर आला, म्हणजे भाव 14 च्या आसपास. दोन्ही ओपनर 21 आणि 23 वर. मनापासून आभार. एक अडचण राहिली. तिसऱ्या नंबरवर कधी डावखुरा येतो, कधी उजवा, समोर लेगस्पिनर आहे का त्यावर. क्रम कसा धरू?

स्कोअरर_काका: मी मागच्या डावांत तो जितक्या वेळा ज्या नंबरवर आला त्या प्रमाणात क्रम बदलत चालवतो. पण दहा-बारा डावांवर ते प्रमाण डळमळीत असतं.

षटकार_संजू: त्यापेक्षा कितव्या षटकात आला ते बघ की. पहिल्याच षटकात विकेट पडली तर तिसरा म्हणजे ओपनरच झाला.

स्कोअरर_काका: हे पटलं. पण मग फिनिशर सातव्या षटकात आला तर 170 नं सुरुवात करेल का? माझ्या वहीत तसे डाव चारच आहेत, आणि त्यात तो पहिले दहा चेंडू जपून खेळलाय. कुणाकडे जास्त नोंदी असतील तर टाका.