मदत हवी आहे: २१ केए फॉल्टला २५ केएचा ब्रेकर ‘फेल’ कसा?

ट्रिपकॉइल: उद्या दुपारी मीटिंग आहे, लवकर सांगा. आमच्या ११ केव्ही बोर्डावर फॉल्ट २७ केए येत होता आणि ब्रेकर २५ केएचे, म्हणून इनकमरला रिअॅक्टर बसवला. आता २१ येतो. तरी नव्या रिपोर्टात आउटगोइंग ब्रेकर ब्रेकिंगला ‘फेल’ दाखवलेत. पीक मात्र पास आहे, ५७ आलंय आणि ब्रेकरचं ६२.५. रिपोर्टच चुकलाय ना?

पॅनेलवाला: २१ हे २५ पेक्षा कमी, विषय संपला. ब्रेकर डीसी ऑफसेट धरूनच टेस्ट झालेला असतो. कन्सल्टंटला खडसावून विचारा.

जुना_टेस्टिंगवाला: डीसी धरूनच टेस्ट होते हे खरं, पण किती डीसी धरून? ट्रिपकॉइल, एक्स बाय आर किती आलाय? ब्रेकरचा ओपनिंग टाइम किती? बोर्डावर जनरेटर पॅरलल चालतो का?

ट्रिपकॉइल: एक्स बाय आर ३५. आधी ३१ होता. व्हीसीबी आहे. जनरेटर नाही, १३२ केव्हीचा एकच ट्रान्सफॉर्मर.

सबस्टेशन_ताई: ओपनिंग टाइम राहिला की.

मोटरदुरुस्ती: आमच्याकडे ४१५ व्होल्टच्या एसीबीला असंच झालं होतं. तिथे मेकिंग कपॅसिटी बघायची, ब्रेकिंगच्या २.१ पट. ती पुरली की झालं.

ट्रिपकॉइल: दादा, मेकिंग पास आहे हो, ब्रेकिंग विचारतोय. ओपनिंग टाइम ४० मिलिसेकंद, किमान.

जुना_टेस्टिंगवाला: आता हिशोब बसतो. आयईसी ६२२७१-१०० मध्ये नेहमीच्या ब्रेकरचा टाइम कॉन्स्टंट ४५ मिलिसेकंद धरतात, म्हणजे ५० हर्ट्झला एक्स बाय आर साधारण १४. तुमचा ३५, भागिले ३१४, म्हणजे १११ मिलिसेकंद. ओपनिंगचे ४० आणि रिलेचे १० धरले तर कॉन्टॅक्ट ५० मिलिसेकंदाला सुटतात. त्या क्षणी टेस्टमध्ये उरलेला डीसी ३३ टक्के, तुमच्याकडे ६४ टक्के.

```
I = Isym * sqrt(1 + 2*dc^2)
25 * sqrt(1 + 2*0.33^2) = 27.6 kA
21 * sqrt(1 + 2*0.64^2) = 28.3 kA
```

वरचा आकडा ब्रेकर झेपवतो तो, खालचा तुमच्या बोर्डावर येतो तो. रिपोर्ट बरोबर आहे.

पीक पास होण्याचं कारण असं, की पीक पहिल्या १० मिलिसेकंदांतच येऊन जातं. तोवर डीसी कुठेच फारसा उतरलेला नसतो. एक्स बाय आर १४ वरून ३५ झाला तरी पीकचा गुणक १.८१ वरून १.९२ होतो, एवढंच. ५० मिलिसेकंदाला मात्र डीसी जवळजवळ दुप्पट उरतो. रिअॅक्टरने करंट कमी केला, पण त्याला रेझिस्टन्स नगण्य असल्यामुळे डीसी विझायला आणखी वेळ लागतो.

पॅनेलवाला: पण आरएमएस जुळवणं म्हणजे व्हॅक्यूमची खरी परीक्षा नव्हे. आर्क शून्यावरच विझणार.

जुना_टेस्टिंगवाला: मान्य, हा सरळ तुलनेचा निकष आहे. पण शून्याच्या आधीचा मोठा लूप जितका उंच आणि लांब, तितकी कॉन्टॅक्टमध्ये जास्त ऊर्जा ओतली जाते. तुमच्या ६४ टक्क्यांत तो लूप टेस्टपेक्षा लांब असणारच.

सबस्टेशन_ताई: ट्रिपकॉइल, रिलेचे १० मिलिसेकंद हे कागदावरचे. न्यूमेरिकल रिले आणि मास्टर ट्रिप मिळून ३० तरी जातातच. मग कॉन्टॅक्ट ७० ला सुटतात, डीसी ५३ टक्क्यांवर येतो आणि करंट २६.३. तो २७.६ च्या आत आहे, म्हणजे चालतो. तुमचा रिले मोजून बघा.

जुना_टेस्टिंगवाला: ताई, आर्क सेन्सर असेल तर? प्रकाश बघून ट्रिप काही मिलिसेकंदांत जाते. मग तुमची सगळी सवलत गेली.

ट्रिपकॉइल: आर्क सेन्सर आहे. इनकमर आणि आउटगोइंग दोन्ही ट्रिप करतो.

सबस्टेशन_ताई: अरे, हे आधी सांगायचं ना! मग आउटगोइंगची आर्क ट्रिप २० मिलिसेकंद उशिरा लावता येईल का ते बघा. आउटगोइंगच्या केबल बॉक्समधला फॉल्ट असेल तर मात्र तेवढा वेळ आर्क जास्त जळेल, ते मला फारसं पटत नाही.

सीटीवाला: एवढा डीसी असेल तर सीटी सॅच्युरेट होतील, त्यांची नी पॉइंट व्होल्टेज तपासलीत का? आमच्या डिफरन्शियलला त्यामुळे खोटी ट्रिप आली होती.

ट्रिपकॉइल: सीटी नंतर बघतो. आत्ता ब्रेकर बदलायचे की नाही, एवढंच मीटिंगमध्ये विचारणार.

जुना_टेस्टिंगवाला: बदलण्याआधी कंपनीकडे टाइप टेस्ट सर्टिफिकेट मागा. ५२ केव्हीपर्यंतच्या ब्रेकरना १२० मिलिसेकंदाचा खास टाइम कॉन्स्टंटही स्टँडर्डमध्ये आहे. त्यावर २५ केए टेस्ट झालेला असेल तर तुमचे १११ आत बसतात आणि पीकही २.५ ऐवजी २.७ पट मिळतं. नेमप्लेटवर ४५ खेरीज दुसरा आकडा छापलाय का, तो आधी बघा.

पॅनेलवाला: मी तरी ३१.५ केएचे ब्रेकर घेतले असते. बोर्डाच्या बसबार पुरतील का, तो वेगळा प्रश्न.

ट्रिपकॉइल: नेमप्लेटवर टाइम कॉन्स्टंटच लिहिलेला नाही, म्हणजे ४५ च धरायचा ना? सर्टिफिकेटसाठी मेल टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो.