अनुभव धागा: सगळ्या कामगारांना बदल सांगायचा होता, तेव्हा काय सांगितलं आणि त्यांनी काय ऐकलं?

तुमच्या कामाच्या ठिकाणी नियम बदलला आणि तो सगळ्यांना सांगायची पाळी तुमच्यावर आली, किंवा कोणी तुम्हाला सांगितला, तर तो अनुभव लिहा. नोटिशीचे शब्द आठवत असतील तर तेही द्या.

मुनीम_हिंगणघाट

मी जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी रोख पगार व्हायचा. मुकादमाच्या हाती टोळीचे चाळीस-पन्नास हजार एकदम जात आणि तो वाटप करी. मालकानं ठरवलं की आता प्रत्येकाच्या खात्यात थेट पैसे टाकायचे. सल्लागाराच्या कार्यालयातून नोटीस लिहून आली: 'पारदर्शकता व डिजिटल व्यवहारास चालना देण्याच्या धोरणानुसार सर्व कामगारांचे वेतन बँक खात्यामार्फत अदा करण्यात येईल. सर्वांनी सहकार्य करावे.'

ती फळ्यावर लागली आणि दुपारपर्यंत तीन अफवा फिरल्या. एक, जिनिंग विकली. दोन, खात्यातून टॅक्स कापणार. तिसरी बायांमध्ये होती: खात्यात पगार दिसला की लाडकी बहीण बंद. सरकी काढणारी एक मावशी मला म्हणाली, "मुनीमजी, पारदर्शकता म्हंजे आमचे किती पैसे कमी होऊन राहिले थे सांगा."

मग मी मालकाला म्हटलं, कारण खरं लिहू. कारण एवढंच की एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. मुकादमाला दिलेली रक्कम त्यात अडकत होती. दुसरं, शनिवारी बँकेतून एवढी रोकड मोटरसायकलवर आणायची भीती. दोन्ही गोष्टी कामगाराला समजतात.

नोटिशीत खरी अडचण परिणामाची होती. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, रविवारी बाजार असतो. पैसे शनिवारी खात्यात पडले तर बाजाराला हातात काय? म्हणून पगार गुरुवारी करायचा ठरला आणि आठवडा बुधवारपर्यंत मोजायचा. म्हणजे बदलाच्या पहिल्या आठवड्यात तीनच दिवसांचे पैसे येणार. तेच आधी सांगितलं नसतं तर गोंधळ झाला असता. नवी नोटीस अशी लावली:

'शनिवारपर्यंतचा पगार नेहमीसारखा रोख मिळेल. त्यानंतरच्या गुरुवारी सोमवार, मंगळवार, बुधवार या तीन दिवसांचे पैसे खात्यात जमा होतील. रोज ५०० असेल तर १,५०० येतील. पुढच्या गुरुवारपासून पूर्ण सहा दिवसांचे ३,००० येतील. कोणाचाही एक रुपया कापला जाणार नाही. खातं फक्त तुमच्याच नावाचं द्या. खातं नसेल त्यानं मुनीमजींना सांगावं, उघडेपर्यंत रोख मिळेल.'

ही मी टोळीपुढं उभं राहून वाचली, कारण निम्म्या लोकांनी वाचलीच नसती. मग फळ्यावर आकडे मांडून दाखवले. तीन दिवसांच्या मुद्द्यावर एकानं विचारलं, "बाकीचे तीन दिवस गेले कुठं?" दिवस मोजून दाखवल्यावर लक्षात आलं की गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे पुढच्या गुरुवारी धरले आहेत.

बँकमित्र_वणी

मुनीमजी, नोटीस चांगली आहे, पण त्यात बँकेच्या बाजूच्या तीन गोष्टी नाहीत.

पहिली. ज्याच्या शेतीचं पीककर्ज थकलं आहे त्यानं त्याच बँकेतलं खातं दिलं तर कधीकधी रकमेवर होल्ड लागतो. शाखेशाखेवर वेगळं आहे, पण मी असे लोक रडत आलेले पाहिले आहेत. दुसऱ्या बँकेतलं, एकट्याच्या नावाचं खातं बरं. नवराबायकोचं जोडखातं असेल तर नवऱ्याचं कर्ज बायकोच्या मजुरीलाही नडतं.

दुसरी. अंगठा. कापूस, सरकी हाताळणाऱ्यांचे ठसे झिजतात आणि माझ्या मशीनवर तीनदा चारदा नकार येतो. अशांना एटीएम कार्ड आधीच काढून द्या.

तिसरी. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, ते पुन्हा चालू करायला केवायसी नव्यानं द्यावं लागतं. पासबुक आहे म्हणजे खातं चालू आहे असं नाही. खातं चालू आहे का, हे आधी प्रत्येकाला बँकेत विचारून घ्यायला सांगा, गुरुवारी सकाळी कळण्यापेक्षा बरं.

लाडकी बहीणचं काय लिहिलंत?

मुनीम_हिंगणघाट

ते नोटिशीत लिहिलं नाही. योजनेची अट कुटुंबाच्या वर्षाच्या अडीच लाख उत्पन्नाची आहे, पगार रोख की खात्यात, याची नाही. एवढं तोंडी सांगितलं. पण 'बंद होणार नाही' असं लिहून देणं माझ्या हातात नाही, म्हणून दिलं नाही. काही बाया नाराज झाल्या.

गजूभाऊ

कायद्यानं मालकाले कोणताही नियम बदलायचा असन तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तुमी दिली का?

निवृत्त_कामगार_अधिकारी

भाऊ, कोणताही नियम नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ठरावीक बाबींची यादी होती आणि आताच्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, तिच्यासाठी २१ दिवस. पण त्या यादीत पहिलीच बाब पगार, त्याची मुदत आणि देण्याची पद्धत ही आहे. इथं पद्धतही बदलली आणि वारही बदलला. तेव्हा या प्रकरणात तुमचं म्हणणं लागू पडतं. नोटिशीवर तारीख नसेल तर २१ दिवस कुठून मोजणार, हे मुनीमजींनी पाहावं.

आश्रमशाळा_शिक्षक

आमच्याकडेही असंच झालं. बायोमेट्रिक हजेरी सुरू झाली आणि मुख्याध्यापकांनी एका ओळीत सांगितलं, 'उद्यापासून'. मेळघाटाच्या त्या भागात नेटवर्क जाऊन येऊन असतं. दिवसभर शिकवून गैरहजर दिसलो. त्याचा फरक पगारात कधी भरून निघाला नाही. मी जरा वेगळंच सांगितलं बहुतेक, पण प्रश्न तोच वाटला: मशीन बंद पडलं तर काय, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

टोळीवाली_राळेगाव

मी दुसऱ्या जिनिंगमध्ये कामाले जातो. आमाले नोटीस वाचून दाखवली नाही, मुकादमानं सांगितलं. तो म्हणे, मालकच जबरदस्ती करून राह्यला. त्याचं बी खरं हाय. आता त्याच्या हातातून पैसा जात नाही, त उचल कोण देईन? पोराच्या दवाखान्याले मी त्याच्याकडूनच हजार दोन हजार घेत होती. हे त तुमच्या नोटिशीत बी नाही.

हिशेबी_पुसद

मुनीमजींच्या कारणाला माझा आक्षेप आहे. दहा हजारांची मर्यादा एका माणसाला दिलेल्या रकमेवर आहे. तुम्ही मुकादमाला वगळून प्रत्येकाला रोख तीन हजार हातात दिले असते तरी अट मोडली नसती. म्हणजे कारण आयकराचं नव्हतं, मुकादमाला मधून काढण्याचं होतं. कामगारांना ते कळलं असेलच.

मुनीम_हिंगणघाट

कळलं. पण शंभर माणसांना रोख मोजून द्यायची तर शनिवारची रात्र जाते आणि रोकड आणायची भीती राहतेच, म्हणून कारण पूर्ण खोटं नाही. मुकादमाला मधून काढतो असं मात्र लिहिलं नाही, हे मान्य.

राळेगावच्या ताई, उचलीचा मुद्दा आमच्याकडेही निघाला. मालक म्हणाले, उचल कारखाना देईल, दोन हजारांपर्यंत, आणि चार हप्त्यांत कापून घेईल. पण 'एक रुपया कापला जाणार नाही' असं नोटिशीत छापलं आहे, त्यामुळं उचल घेणाऱ्याची वेगळी सही घ्यावी लागते. मुकादम अजून बोलत नाही आमच्याशी. हंगामात टोळी आणेल की नाही, माहीत नाही.

बँकमित्र_वणी

सहीवर रक्कम आणि हप्ते दोन्ही शाईनं भरून घ्या, रिकामी जागा ठेवू नका.