एआयने रंगवलेल्या प्लॅनमध्ये भिंत सरकायलीय, मूळ नकाशा वर ठेवून मोजायचं कसं?

लातूर_ड्राफ्टिंग: ३०×४० चा प्लॉट. कॅडमधून ९००×१२०० पिक्सेलचा प्लॅन काढून कंट्रोलनेटनं वरून दिसणारं रंगीत चित्र केलं. स्वयंपाकघर आणि देवघरामधली साडेचार इंची भिंत सरकल्यासारखी वाटायलीय. किती ते नेमकं कसं काढू? मिस्त्री याच चित्रावर पट्टी लावतोय.

बीड_इंटिरिअर: गिंपमध्ये दोन्ही लेयर एकावर एक ठेवून `Difference` लावा. काळं दिसलं की जुळलं.

नांदेड_सिव्हिल: रेघेवर रेघ असेल तर ठीक. इथं फरशीला रंग आलाय, म्हणून सगळंच उजळ दिसेल. त्यापेक्षा नकाशाच्या रेघा लाल करा, पांढरं `Color to Alpha` नं काढा आणि तो लेयर चित्रावर ठेवा.

पण आधी ते ९०० सोडा. त्याला ८ नं भाग जात नाही, त्यामुळं टूल परस्पर ८९६ करतं आणि तिथंच चित्र दबतं किंवा कापलं जातं. फुटाला ३२ पिक्सेल धरून ९६०×१२८० काढा. मग ८ पिक्सेल म्हणजे बरोबर ३ इंच, हिशोब तोंडी होतो. पहिल्यांदा प्लॉटचे चार कोपरे बघा. तेच हलले असतील तर मापाची गडबड. कोपरे जागेवर आणि आतली भिंत हललेली, तर खरी सरक.

लातूर_ड्राफ्टिंग: नव्यानं केलं. कोपरे २ पिक्सेलच्या आत. भिंत मात्र देवघराकडं १६ पिक्सेल गेलीय. दार ८० हवं, ९६ भरतंय.

नांदेड_सिव्हिल: म्हणजे भिंत ६ इंच सरकली, ३० इंची दार ३६ चं झालं. साडेचार इंची भिंत या मापात फक्त १२ पिक्सेलची. मॉडेल आतून ८-८ पिक्सेलच्या चौकटीत काम करतं, तिथं ती दीडच चौकट उरते. त्यात दोन समांतर रेघा दिल्या की त्याला भिंत कुठली आणि पोकळी कुठली ते कळत नाही. भिंती भरीव काळ्या करून द्या.

बीड_इंटिरिअर: एवढं कशाला, `Warp` नं भिंत ओढून घ्या की.

नांदेड_सिव्हिल: भिंत येईल भाऊ, पण शेजारच्या फरश्या आणि ओटाही ओढला जाईल. तेवढाच पट्टा मास्क करून इनपेंट करा. मास्कमध्ये भिंतीची जुनी आणि नवी, दोन्ही जागा घ्या. कंट्रोलनेट चालूच ठेवा, `Denoising strength` ०.६ च्या आसपास. ०.३ ठेवलं तर खालचे जुने पिक्सेल राहतात आणि भिंत हलत नाही. नंतर लाल लेयर ठेवून परत मोजा, कारण कधी कधी दुसऱ्या बाजूचं दार सरकतं.

परभणी_होम: माझ्या हॉलच्या थ्रीडी व्ह्यूवर प्लॅन ठेवला तर काहीच जुळत नाही, का हो?

नांदेड_सिव्हिल: मॅडम, तो उभा व्ह्यू आहे, त्यावर आडवा प्लॅन बसणार नाही. मॉडेलच्या त्याच कॅमेऱ्यातून रेघांचं चित्र काढा आणि ते ठेवा.

लातूर_ड्राफ्टिंग: भिंत आता ३ पिक्सेलवर आली. चालेल?

नांदेड_सिव्हिल: सव्वा इंचाच्या आत आहे, दाखवायला चालेल. मी ३ इंचापर्यंत सोडतो.

बीड_इंटिरिअर: ३ इंच लई होतात राव. संडास-बाथरूममध्ये तेवढ्यानं दार भांड्याला अडतं.

नांदेड_सिव्हिल: मिस्त्रीच्या हातात चित्र नाही, कॅडची प्रिंट द्यायची.