मुलीचं अकाउंट बंद केलं की तिचे फोटोही जातात का?

कोथरूडकर_बाबा: शाळेच्या ग्रुपवर रोज एकच विषय. मुलीचं इन्स्टा बंद कसं करायचं, फोटो कसे काढायचे. अहो, वर्गातल्या सगळ्या पालकांनी मिळून रिपोर्ट मारा, दोन दिवसांत अकाउंट उडतं आणि फोटोही आपोआप जातात. आणि मुळात अकाउंट तुम्हीच काढून दिलेलं असणार, मग आता बोंब कशाला?

अनघा_स: असाच सल्ला ऐकून आमच्या ओळखीतल्या एका आईने लेकीचं अकाउंट घाईघाईने बंद केलं, आणि इतरांनी टाकलेले फोटो शोधायचा रस्ताच हातचा गेला. म्हणून सविस्तर लिहितेय.

अकाउंट बंद झालं की त्या अकाउंटवरचं जातं, एवढंच. आत्याने, डान्स क्लासने, मैत्रिणीने स्वतःच्या अकाउंटवर टाकलेले फोटो जिथल्या तिथे राहतात. कोणी कुठे टाकलंय याची सगळ्यात सोपी यादी मुलीच्या प्रोफाइलवरच असते, टॅग केलेल्या पोस्टच्या भागात. अकाउंट गेलं की ती यादी गेली. त्यामुळे आधी तिथली एकेक पोस्ट उघडायची, लिंक कॉपी करून वहीत किंवा मेलमध्ये ठेवायची, सोबत स्क्रीनशॉट घ्यायचा. प्रायव्हेट अकाउंटवरच्या पोस्ट नंतर तुम्हाला दिसणारही नाहीत. नुसता टॅग काढून थांबू नका. त्याने नाव सुटतं, फोटो राहतो.

या मुलीला अकरावं चालू होतं. अकाउंट मामाच्या जुन्या नंबरवर उघडलेलं, जन्मवर्ष 2004 टाकलेलं. आईवडिलांना पत्ताच नव्हता. मामाकडे ते सिम अजून चालू होतं, म्हणून कोड मागवून आत शिरता आलं. आत जाता येत असेल तर फॉर्मच्या भानगडीत पडायची गरज नसते. आधी मुलीच्या आठवणींची प्रत उतरवून घ्यायची, मग इन्स्टाच्या सेटिंगमधल्या Accounts Center मधून Delete account. तिथे आईचंही अकाउंट जोडलेलं असेल तर कोणतं निवडतोय ते दोनदा बघायचं. मागणी केल्यावर 30 दिवस ते लपवलेलं असतं आणि त्या काळात कोणी लॉगिन केलं की मागणी रद्द करता येते. या घरी नेमकं तेच झालं. मुलीने जुन्या टॅबवरून लॉगिन केलं आणि सगळं पूर्वीसारखं. मग पासवर्ड बदलून, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करून पुन्हा मागणी टाकली.

आत जाताच येत नसेल तर इन्स्टाचा तेरा वर्षांखालच्या मुलांसाठीचा वेगळा फॉर्म आहे. स्वतःचं अकाउंट नसलं तरी भरता येतो. युजरनेम, मुलीचं नाव, जन्मतारीख, तुमचं नातं. पोस्टवरच्या तीन ठिपक्यांतून मारलेल्या रिपोर्टमध्ये जन्मतारीख, नातं यातलं काहीच जात नाही. आणि पन्नास जणांनी रिपोर्ट मारला म्हणून पारडं जड होत नाही, किती जणांनी केला यावर निर्णय ठरत नाही असं इन्स्टा स्वतःच सांगतं. तपासणाऱ्याला वय पटावं लागतं. बायोत "सहावी अ" किंवा केकवर 11 आकडा असलेला फोटो असेल तर त्या पोस्टची लिंक हाताशी ठेवा. मात्र या मार्गाने अकाउंट गेलं तर आतलं काही उतरवून घ्यायची संधी मिळेलच असं नाही.

कोथरूडकर_बाबा: एवढं सगळं करायला सामान्य माणसाकडे वेळ आहे का? आमच्या सोसायटीतल्या मुलाचं अकाउंट आम्ही दहा-बारा जणांनी रिपोर्ट मारूनच घालवलं. डोळ्यांनी पाहिलंय.

अनघा_स: गेलं असेल. त्यात एका रिपोर्टवरूनही गेलं असतं. ज्यांचं गेलं नाही ते तुम्हाला सांगायला येत नाहीत.

वकीलकाका_नाशिक: ताई, तुम्ही जुन्या जगात आहात. आता नवा डेटा कायदा आलाय. अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय अकाउंटच काढता येत नाही. एक नोटीस पाठवा, कंपनी नाक घासत येईल. दंड 200 कोटींपर्यंत आहे.

अनघा_स: कायदा 2023 चा, अठराखालच्यासाठी पालकांची पडताळलेली संमती हवी हेही खरं, दंडाचा आकडाही बरोबर. पण नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संमतीचं कलम लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने आहेत. आज नोटिशीत ते कलम टाकून काही हलणार नाही. आज हातात आहे ते आयटी नियम. कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करायची, 24 तासांत पोच मिळायला हवी. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारी अपील समितीकडे gac.gov.in वर अपील. वकील लागत नाही. पोचेचा क्रमांक मात्र जपून ठेवावा लागतो, अपिलाला तोच लागतो.

वकीलकाका_नाशिक: अठरा महिन्यांचं मान्य. पण दिशा तीच आहे, हे तुम्हालाही नाकारता येणार नाही.

मेल्बर्नची_मावशी: आमच्याकडे 10 डिसेंबर 2025 पासून सोळाखालच्यांना अकाउंटच ठेवता येत नाही. माझ्या भाच्याचं बंद झालं. पण त्याच्या क्रिकेट क्लबच्या पेजवर त्याचे फोटो अजून आहेतच. अनघा म्हणते तेच, अकाउंट वेगळं आणि फोटो वेगळा.

रेवतीची_आई: फोटोंचं कोणी नीट सांगेल का? माझी मुलगी दहा वर्षांची. डान्स क्लासने गॅदरिंगचे फोटो पेजवर टाकले. मी विनंती केल्यावर त्यांनी काढले. तरी नणंदेला परवा फेसबुकवर क्लासची जाहिरात दिसली, त्यात माझीच मुलगी! क्लासवाले म्हणतात आम्ही तर केव्हाच डिलीट केलं.

अनघा_स: ते खोटं बोलत नसतील. पैसे देऊन चालवलेली जाहिरात बऱ्याचदा पेजवर दिसतच नाही, ती वेगळी बनवलेली असते. पेजवरची पोस्ट काढली तरी जाहिरात चालू राहते. फेसबुक आणि इन्स्टा चालवणाऱ्या मेटाची Ad Library उघडा, लॉगिन लागत नाही. देश भारत निवडा, क्लासचं नाव टाका. त्या पेजच्या चालू असलेल्या जाहिराती दिसतील. तुमची सापडली की तिची लिंक आणि स्क्रीनशॉट क्लासला पाठवा आणि "जाहिरात बंद करा" असं लेखी मागा. नुसतं "फोटो काढा" म्हटलं तर ते पुन्हा पेजच बघतील. ऐकलं नाही तर तेराखालच्या मुलाच्या फोटोसाठी पालकांनी भरायचा प्रायव्हसीचा फॉर्म आहे, त्यात पेजच्या पोस्टची आणि जाहिरातीची लिंक वेगवेगळी द्या. मूल तेरा पूर्ण असेल तर मेटा बहुधा त्यानेच तक्रार करावी म्हणतं, त्यामुळे दहाव्या वर्षीच हे निस्तरलेलं बरं.

गणितवाले_सर: आता क्लासवाल्यांवर घसरलातच तर मीही बोलतो. मी शिष्यवृत्तीचे क्लास घेतो. निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो आणि तोच पेजवर जातो. पहिला फोन कोणाचा येतो? "सर, आमच्या आर्यनचा फोटो खालच्या ओळीत का?" पालकांनाच हवं असतं. प्रवेश अर्जावर संमतीची सही घेतो आम्ही.

रेवतीची_आई: सही! फीच्या हप्त्यांच्या तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. प्रवेश हवा असेल तर सही करायचीच. याला संमती म्हणता?

गणितवाले_सर: वाचून सही करायची नाही हा माझा दोष? फ्लेक्सवर शेजारच्याचा मुलगा आणि आपला नाही, मग बघा घरात काय होतं ते. फोटोशिवाय जाहिरात केली एका वर्षी, निम्मी चौकशीसुद्धा आली नाही.

पाचवीचा_बाप: मला सरांचं पटतं. माझा पोरगा त्या फ्लेक्सखाली उभा राहिला तेव्हा त्याच्या आजीने दृष्ट काढली. गावात हेच कौतुक असतं. फ्लेक्स पंधरा दिवसांत उतरतो.

अनघा_स: फ्लेक्स उतरतो, पेजवरचा फ्लेक्स उतरत नाही. त्यावर नाव, गुण, शाळा आणि चेहरा एकत्र असतो. कोणालाही त्या शाळेच्या गेटवर जाऊन मुलाला नावाने हाक मारता येईल. चौकातला फ्लेक्स बघायला निदान चौकात यावं लागतं.

गणितवाले_सर: उगाच भीती घालू नका. पंधरा वर्षं क्लास चालवतोय, कोणाला काही झालेलं नाही.

रेवतीची_आई: काही झाल्यावर काढणार का फोटो?? तुमच्यासारख्यांमुळेच आम्हाला भिकाऱ्यासारखं "प्लीज काढा ना" म्हणावं लागतं. माझ्या मुलीच्या नाचावर तुम्ही लोक फी गोळा करता.

वकीलकाका_नाशिक: भाषा सांभाळा दोघंही. सर, नव्या कायद्यात दिलेली संमती मागे घेता येते, आणि देताना जितकं सोपं होतं तितकंच मागे घेणंही सोपं असायला हवं. या वेळी तारीख बघून सांगतोय, हेही अजून लागू व्हायचंय.

स्वतंत्र_आई: माझं वेगळंच आहे. घटस्फोट झालाय, मुलगा आठ वर्षांचा, ताबा माझ्याकडे. त्याचे वडील दर भेटीचे फोटो त्यांच्या पब्लिक अकाउंटवर टाकतात. मी फॉर्म भरला, तेही पालकच. काहीच झालं नाही.

अनघा_स: इथे फॉर्मवर माझा फारसा भरवसा नाही. दोन पालकांत कोणाचं ऐकायचं हे कंपनी ठरवायला जात नाही. कौटुंबिक न्यायालयात भेटीच्या अटींमध्ये "फोटो प्रसिद्ध करू नयेत" अशी अट मागता येते. ती मिळतेच असं मी सांगू शकत नाही, काका सांगतील.

वकीलकाका_नाशिक: मागता येते. न्यायाधीशांवर आहे. दोघांनी संमतीने लिहून दिलं तर सगळ्यात बरं.

स्वतंत्र_आई: संमतीने झालं असतं तर इथे लिहिलं असतं का?

नुसता_वाचक: एक अर्धवट माहिती मीही देतो. आईनेच चालवलेलं मुलाचं अकाउंट चालतं म्हणे. माझ्या भाचीचं आहे, गाण्याचं.

अनघा_स: इन्स्टावर चालतं, पण पालक चालवतात असं बायोत स्पष्ट लिहिलेलं हवं आणि खरंच पालकांनीच चालवायला हवं. फेसबुकवर तेराखालच्यांचं स्वतःचं अकाउंट चालत नाही.

कोथरूडकर_बाबा: ठीक आहे, टॅगची यादी आधी काढायची हे मला माहीत नव्हतं. ग्रुपवर टाकतो. पण आईबापांना पत्ता नसतो हे मी मानणार नाही. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात टॅब देतं कोण?

अनघा_स: तो वाद घाला हवा तर, पण ग्रुपवरचा "सगळे रिपोर्ट मारा" हा मेसेज आधी काढा. तो वाचून लोक यादी न करताच अकाउंट बंद करतायत.

रेवतीची_आई: Ad Library मध्ये सापडली जाहिरात! दोन आहेत, दुसरीत मुलगी एकटीच, मोठा चेहरा. ही तर मी पाहिलीच नव्हती. दोन्हीच्या लिंक पाठवल्या क्लासला.

गणितवाले_सर: तुमचं वाचून मीही माझं पेज तपासलं. गेल्या वर्षीची एक जाहिरात अजून चालू होती, पैसे फुकट जात होते, बंद केली. नव्या बॅचला फोटोची संमती वेगळ्या कागदावर घेईन, नाही म्हटलं तरी प्रवेश मिळेल. जुने अल्बम मात्र ठेवतोय. ज्याची हरकत असेल त्याने लिंक पाठवावी, काढून टाकेन.

रेवतीची_आई: लिंक आम्ही का शोधायची? फोटो तुम्ही टाकलेत, प्रत्येक पालकाला तुम्ही विचारा.

गणितवाले_सर: हजारावर मुलं आहेत त्या अल्बममध्ये. अर्ध्यांचे नंबर बदललेत.

अनघा_स: मग विचारून होईपर्यंत अल्बम लपवून ठेवा. पेजवर तशी सोय सापडली नाही तर तेवढ्यापुरता काढून टाका.