मदत हवी आहे: ताईच्या मानेवर सूज, फोटो टाकलाय, काय असेल?

नागपूरचा_धाकटा: साखरपुड्याच्या फोटोत ताईच्या मानेवर उजवीकडे फुगवटा दिसतोय. दुखत नाही. लग्न तोंडावर आलंय, ती दवाखान्यात यायला तयार नाही. फोटो बघून कोणी सांगेल का? लवकर सांगा.

महालकर: थायरॉइडच आहे. माझ्या बायकोला अस्संच होतं. टीएसएच करून घ्या, नॉर्मल आला की विषय संपला.

ऋतुजा_प: फोटोतला फुगवटा एडिटिंगने सहज जातो, अल्बमवाल्याला सांगा.

नागपूरचा_धाकटा: मी फोटोबद्दल नाही, आजाराबद्दल विचारतोय. टीएसएच नॉर्मल आहे.

जुनी_सिस्टर: नाक-कान-घशाच्या ओपीडीत मी बरीच वर्षं होते. महालकर, टीएसएच नॉर्मल असूनही थायरॉइडमध्ये गाठ असू शकते. धाकट्या भाऊ, वय किती? किती दिवसांपासून? ताप, वजन कमी, आवाज बसणं? आणि फोटो सेल्फी आहे का? सेल्फीत बऱ्याचदा बाजू उलटी दिसते.

नागपूरचा_धाकटा: वय २९. दीड महिना तरी झाला. संध्याकाळी कणकण असते म्हणते. हो, सेल्फीच. गाठ डावीकडे आहे, आत्ता विचारलं.

खामला_९: मला असंच होतं, टीबीच्या गाठी निघाल्या. सहा महिने गोळ्या घेतल्या. हेच असणार.

जुनी_सिस्टर: असेलही, पण फोटोवरून ते म्हणता येत नाही. डॉक्टर पाठीमागे उभे राहून दोन्ही हातांनी मान चाचपतात आणि पाण्याचा घोट गिळायला लावतात. थायरॉइडची गाठ श्वासनलिकेला धरून असते, म्हणून घोटाबरोबर वर सरकते. लिम्फच्या गाठी सहसा जागच्या हलत नाहीत. मग ती मऊ, रबरासारखी की दगडासारखी, सुटी की खाली चिकटलेली, हे बोटांनाच कळतं. फोटोत सावली दिसते, स्पर्श नाही.

महालकर: म्हणजे गिळताना हलली की थायरॉइड, बरोबर ना?

जुनी_सिस्टर: बहुतेकदा. पण मधोमध एक जन्मजात गाठ असते, तीही हलते. जीभ बाहेर काढली तरी ती वर जाते, म्हणून जीभही काढायला लावतात. आणि भाऊ, दीड महिना आणि कणकण असताना लग्नापर्यंत थांबू नका. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात उद्याच न्या.

नागपूरचा_धाकटा: आज नेलं. घोट घेतल्यावर गाठ हललीच नाही. डॉक्टरांनी मान एका बाजूला झुकवून स्नायूच्या मागे बोटं घातली, तिथे आणखी दोन लहान गाठी लागल्या. फोटोत त्या दिसतच नव्हत्या! सोनोग्राफी झाली, सोमवारी सुईने तपासणी.

खामला_९: बघा, मी म्हटलं होतं ना, टीबीच.

जुनी_सिस्टर: अजून नाही कळलं. सुईचा रिपोर्ट येऊ द्या. तोवर मनानेच अँटिबायोटिक सुरू करू नका आणि गाठ शेकू-चोळू नका.

नागपूरचा_धाकटा: सासरी आत्ता सांगायचं का, हाच वाद चाललाय घरी.