मदत हवी आहे: चिडलेल्या ग्राहकाला वरिष्ठांशी फोनवर जोडून द्यायची मेल कशी लिहू?

घाईत_आहे
मंडळी, तासाभरात ही मेल जायला हवी. आमचं बिलं काढायचं सॉफ्टवेअर आहे. सोमवारच्या अपडेटनंतर एका ग्राहकाची ४१ बिलं त्याच्या गिऱ्हाइकांना दोन-दोनदा गेली आणि तिघांनी पैसेही दोनदा भरले. ग्राहकाने तीन मेल केल्या. तिन्हींना आमच्याकडच्या वेगवेगळ्या माणसांनी उत्तर दिलं आणि प्रत्येकाने तोच स्क्रीनशॉट पुन्हा मागितला. आज त्याची चौथी मेल आली: "निर्णय घेऊ शकेल असा माणूस द्या, बाकी कोणाशी मला बोलायचं नाही."

साहेब म्हणाले, मेधाताईंशी (नाव बदललंय, सपोर्टच्या प्रमुख) त्याचा पंधरा मिनिटांचा कॉल लावून दे. मी लिहिलेला मसुदा असा:

> आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपल्याला झालेल्या कोणत्याही गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार गांभीर्याने घेण्यात आली असून ती वरिष्ठ पातळीवर पाठवण्यात आली आहे. आमचे वरिष्ठ अधिकारी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील. कृपया आपल्या सोयीची वेळ कळवावी.

वाचताना मलाच कोरडी वाटतेय, पण नेमकं कुठे चुकतंय ते सांगता येत नाही.

रोखठोक
मेल कशाला? फोन उचल आणि बोल. चिडलेल्या माणसाला मेल म्हणजे आगीत तेल.

सरळमार्गी
मेधाताईंच्या कॅलेंडरची लिंक पाठवा की. तो स्वतःच वेळ निवडेल, दोन मिनिटांचं काम.

बाभूळझाड
अगदी हेच माझ्या बाबतीत झालं होतं! तीन महिने नुसता तक्रार क्रमांक देत होते. तुम्ही सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय त्यांना सोडू नका.

घाईत_आहे
@बाभूळझाड, अहो, तक्रार माझी नाही, माझ्यावर आहे :)

कावेरीकाठ
बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक सांगा: चिडचिड बाजूला ठेवली तर त्या तीन मेलमध्ये त्याने नेमकं मागितलंय काय? पुन्हा वाचून बघा.

घाईत_आहे
वाचल्या. पहिलीत "हे थांबवा". ते मंगळवारीच थांबवलंय, पण त्याला तसं कोणी कळवलेलं दिसत नाही. दुसरीत आहे की त्याच्या गिऱ्हाइकांना आमच्या नावाने पत्र द्या, चूक सॉफ्टवेअरची होती म्हणून. त्यावर कोणी एक अक्षरही लिहिलेलं नाही. तिसरी नुसती संतापाची.

कावेरीकाठ
मग हेच तर दुखणं आहे. बिलं दोनदा गेली यापेक्षा ४१ लोकांपुढे त्याची पत गेली, हे त्याला लागलंय. पत्राचा विषय मेलमध्ये आला नाही, तर तिला तो आणखी एक टोलवाटोलवी समजेल.

आता तुमचा मसुदा. "कोणत्याही गैरसोयीबद्दल" असं लिहिलंत की वाटतं, यांना माहीतच नाही काय झालंय. आकडा लिहा, वार लिहा. "वरिष्ठ अधिकारी" म्हणजे कोण? त्याने निर्णय घेणारा माणूस मागितलाय, तेव्हा नाव, हुद्दा आणि त्या स्वतःच्या अखत्यारीत काय ठरवू शकतात, हे तिन्ही हवं. आणि "सोयीची वेळ कळवावी" म्हणजे पुन्हा मेलांची ये-जा. दोन ठरावीक वेळा द्या, एक आजची आणि एक उद्या सकाळची, म्हणजे त्याला एका शब्दात उत्तर देता येईल.

पण मेल पाठवण्याआधी मेधाताईंकडून या दोन्ही वेळा अडवून घ्या. त्याने ४:३० निवडले आणि ताई मीटिंगमध्ये निघाल्या, तर पुढची मेल लिहायची वेळ तुमच्यावर येणारच नाही, तो ग्राहक गेलेला असेल.

@सरळमार्गी, लिंक शांत ग्राहकाला चालते. इथे त्याने ती उघडली आणि पहिली मोकळी वेळ परवाची दिसली तर? शिवाय आपल्या चुकीसाठी त्यालाच कामाला लावल्यासारखं होतं. @रोखठोक यांचं अर्धं बरोबर आहे, या प्रकरणात फोन हवाच. पण तो "तुमच्यापैकी कोणाशी बोलायचं नाही" म्हणतोय आणि अशा वेळी अनोळखी नंबरवरून अचानक फोन गेला तर तो पहिल्यापासून सगळं ऐकवेल. आधी मेल, मागोमाग "मेल पाठवली आहे" एवढा एका ओळीचा मेसेज.

मी असं लिहीन:

> विषय: दोनदा गेलेली ४१ बिलं – मेधा आज ४:३० ला फोन करू शकतात
>
> नमस्कार,
>
> सोमवारी आपली ४१ बिलं आपल्या गिऱ्हाइकांना दोनदा गेली. त्यानंतर आमच्याकडून आपल्याला तीनदा तोच स्क्रीनशॉट मागितला गेला आणि पत्राच्या मागणीला उत्तरच मिळालं नाही. याबद्दल मी आपली माफी मागतो.
>
> बिलं दोनदा जाणं मंगळवारी थांबवलं आहे. पुढचं बोलणं आमच्या सपोर्ट प्रमुख मेधा स्वतः करतील. गिऱ्हाइकांना आमच्या नावाने पत्र द्यायचं का आणि कसं, हे त्या फोनवरच ठरवू शकतात. सुरुवात त्याच विषयाने होईल, मग दोनदा आलेल्या तीन रकमांचं बघू. पंधरा मिनिटं पुरतील.
>
> आज ४:३० किंवा उद्या सकाळी १०:१५, यांतली कोणती वेळ चालेल? फोन त्या करतील. आपल्या तिन्ही मेल त्यांनी वाचल्या आहेत, पुन्हा काही सांगावं लागणार नाही.

सहीखाली तुमचं नाव आणि थेट नंबर. शेवटचं वाक्य मेधाताईंनी खरंच मेल वाचल्या असतील तरच ठेवा. त्यांना अर्ध्या पानाचं टिपण द्या: कधी काय झालं, त्याने काय मागितलं, आपण कशाला हो म्हटलंय. आणि वर ठळक लिहा, स्क्रीनशॉट मागू नका.

कलम_कसाई
मेल चांगली आहे, पण मी "माफी मागतो" काढेन. अपडेटमध्ये नेमकं काय बिघडलं ते शोधून झालंय का? उद्या नुकसानभरपाईचा विषय निघाला तर हीच ओळ तो दाखवेल. आमच्याकडे कायदा विभाग असं जाऊच देत नाही.

कावेरीकाठ
माफी घडलेल्या गोष्टींची आहे. बिलं दोनदा गेली, उत्तर मिळालं नाही, हे आपल्याच नोंदींत आहे. का घडलं, यावर मी एक शब्दही लिहिलेला नाही.

कलम_कसाई
तुम्हाला फरक दिसतो, वकिलाला दिसेलच असं नाही. आपलं जमणार नाही यावर.

घाईत_आहे
माफी ठेवली, साहेबांनी हो म्हटलं. मेधाताई म्हणाल्या, "पत्र देऊ असं आधीच लिहू नकोस, पण ते मी ठरवू शकते हे लिही." म्हणजे कावेरीताईंचं वाक्य जसंच्या तसं राहिलं. मेल २:१० ला गेली, त्यांना सीसीमध्ये ठेवून.

घाईत_आहे
अपडेट: नऊ मिनिटांत उत्तर आलं, "४:३०." बाकी काही नाही, नमस्कारसुद्धा नाही. कॉल २२ मिनिटं चालला, त्यातली पहिली सात तो एकटाच बोलत होता. पत्र उद्या दुपारपर्यंत द्यायचं ठरलंय, मजकूर आधी त्याला दाखवून.

आता नवीन पेच. कॉलच्या शेवटी त्याने या महिन्याचं शुल्क माफ करायला सांगितलं. ते मेधाताईंच्या हातात नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही. कॉलमध्ये काय ठरलं याची मेल आज मला पाठवायची आहे. ही मागणी त्यात लिहू, की तिचा निर्णय होईपर्यंत गाळू?

कावेरीकाठ
लिहा. कोण ठरवणार आणि कधीपर्यंत कळवणार, तेही लिहा. दुसऱ्या मेलमधलं पत्र असंच गळलं होतं ना?

कलम_कसाई
लिहा, पण "आपण मागणी केली" एवढंच. "विचार करू" नको.